पूर ओसरल्यावर वस्तीत आरोग्याची पाहणी कशी करायची: परत परत येणारे प्रश्न

जुलै लागला की आमच्या फोनवर तेच तेच मेसेज सुरू होतात. ठाण्यात दिवा, मुंब्रा, कळवा, कोपरी इकडे पाणी भरलं, आमचं मंडळ किंवा कॉलेजचा ग्रुप मदतीला जातोय, काय न्यायचं, काय विचारायचं, गोळ्या वाटू का. प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करून बोटं दुखली म्हणून हे एकदाच लिहून ठेवलंय. एखादं उत्तर अर्धवट वाटलं तर त्यात दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिलाय, तिकडे जा.

१. पाहणी कशाला? डॉक्टर आणि औषधं घेऊन सरळ हेल्थ कॅम्पच लावला तर?

लावा, पण आधी एक दिवस फिरा. कॅम्पला येतो तो चालू शकणारा माणूस, आणि तोही बहुतेक सर्दी, अंगदुखी, पायाला चिखल्या घेऊन. ज्याची बीपीची गोळी वाहून गेलीय त्याला काही दुखत नसतं म्हणून तो येत नाही, आठव्या महिन्याची बाई चिखलातून येत नाही, आणि पाणी खराब आहे हे तर कुठल्याच पेशंटच्या तोंडून कळत नाही. एका वर्षी एका संस्थेने खोकल्याच्या औषधाचे खोकेच्या खोके आणून टाकले होते, आणि त्या वस्तीत खरी अडचण होती की नळाला चार दिवस पाणी नव्हतं आणि लोक बोअरचं पीत होते. पाहणी म्हणजे उद्या सकाळी आपण काय करायचं हे ठरवण्यापुरती माहिती, तेवढीच. ज्या माहितीने उद्याचं काम बदलणार नाही ती गोळा करू नका.

२. कधी जायचं? पाणी अजून घोट्याएवढं आहे.

पहिली चक्कर पहिल्या दोन-तीन दिवसांत झालीच पाहिजे, पण पाण्यात घुसून नाही. वीज बंद केलीय का ते आधी विचारा, मीटरचे बॉक्स खाली असतात आणि शॉक लागून माणसं जातात. खाडीच्या कडेला असाल तर भरती-ओहोटीची वेळ बघून जा. दिव्याकडच्या काही गल्ल्यांत सकाळी कोरडं असतं आणि दुपारी भरतीला गटार उलटं वाहून परत गुडघाभर पाणी होतं, आणि मग तुमची टीमच अडकून बसते. गमबूट घाला, पायाला जखम असेल तर त्या माणसाला त्या दिवशी फोनवर बसवा.

३. पहिल्या फेरीत नक्की काय बघायचं?

पहिली फेरी फक्त डोळ्यांची आणि गप्पांची, फॉर्म नाही. दोन तास पुरतात. वस्तीतली आशाताई भेटली तर अर्धं काम झालं, कारण कुठल्या घरात गरोदर बाई आहे आणि कोण टीबीच्या गोळ्यांवर आहे हे तिला पाठ असतं. तिच्यासोबत चालत जा आणि पाण्याचा माग काढा: नळ कुठे आहे, पाइप गटारातून जातोय का, टँकर कुठे उभा राहतो, लोक हंडा कुठे भरतात. मग सार्वजनिक संडास, आत जाऊन बघा, बाहेरून नाही, किती सीट चालू आहेत ते मोजा. मग मेडिकल स्टोअर आणि जवळचा दवाखाना उघडा आहे का. गल्लीतल्या जनरल प्रॅक्टिशनर डॉक्टरांना पाच मिनिटं विचारा की दोन दिवसांत जुलाबाचे, तापाचे किती आले, ते आकड्यात सांगतात.

एक गोष्ट मात्र सगळे विसरतात. जिथे लोक तुम्हाला स्वतःहून घेऊन जातात त्या गल्लीत मंडळाचं ऑफिस असतं. सगळ्यात वाईट अवस्था असते ती मागच्या बाजूला, नाल्याला लागून, जिथे भाड्याने राहणारे आणि बाहेरगावाहून कामाला आलेले लोक असतात. तिकडे मुद्दाम जा.

४. वस्ती ६०० घरांची आहे, आम्ही चौघं. सगळी घरं कशी करणार?

सगळी करायचीच नाहीत. दोघादोघांच्या दोन जोड्या, एका घराला १५ मिनिटं धरली तर एका दिवसात ४० घरं आरामात होतात. ६०० भागिले ४० म्हणजे १५, तर दर पंधरावं घर घ्यायचं. सुरुवात कुठून करायची हे मनाने ठरवायचं नाही, खिशातून नोट काढा, नंबरातले शेवटचे दोन आकडे बघा, ते १ ते १५ मध्ये बसले नाहीत तर दुसरी नोट. ७ आला तर सातवं घर, मग बाविसावं, मग सदतिसावं, असं गल्ली न सोडता शेवटपर्यंत. दुमजली चाळ असेल तर वरची खोली वेगळं घर.

घर बंद असलं की शेजारच्या उघड्या घरात शिरायचा मोह होतो. तो टाळा. बंद घर म्हणजे एकतर सगळे कामावर गेलेत, नाहीतर घर राहण्याजोगं नाही म्हणून नातेवाइकांकडे किंवा शाळेत गेलेत, आणि नेमके हेच लोक तुमच्या आकड्यांतून गळतात. संध्याकाळी परत जा, तरी बंद असेल तर शेजाऱ्याला विचारून "बंद, शाळेत हलवले" अशी नोंद करा.

पूर्ण शहर किंवा मोठा भाग असेल तर हीच पद्धत दोन टप्प्यांत करतात, आधी ३० तुकडे निवडायचे आणि प्रत्येकात ७ घरं, म्हणजे २१० घरं. पण ते महापालिकेच्या किंवा मेडिकल कॉलेजच्या टीमचं काम आहे, एका मंडळाने त्यात पडू नये.

५. फॉर्ममध्ये किती प्रश्न ठेवायचे? आमच्याकडे चार पानी फॉर्म तयार आहे.

चार पानी फॉर्म आम्हीही एकदा केला होता. एका घराला ४० मिनिटं लागायची, लोक चुलीवरून उठून येऊन उत्तरं द्यायचे, आणि सगळं एक्सेलमध्ये भरून होईस्तोवर नववा दिवस उजाडला. तोपर्यंत जुलाबाची लाट येऊन गेली होती. आता आमचा फॉर्म अर्ध्या पानाचा आहे. घरात काल रात्री किती माणसं झोपली, त्यात पाच वर्षांखालची किती, कोणी गरोदर आहे का आणि कितवा महिना. आज प्यायला पाणी कुठून आणलं आणि त्याला काही केलं का, उकळलं, औषध टाकलं. संडासला कुठे जाता. रोजची गोळी किंवा इंजेक्शन कोणाला चालू आहे आणि आता किती दिवसांचं शिल्लक आहे. गेल्या तीन दिवसांत कोणाला जुलाब, ताप, कावीळ, जखम, आणि पुराच्या पाण्यात कोण चाललं. शेवटी मोकळा प्रश्न, "सगळ्यात जास्त अडचण कशाची आहे?", आणि त्याचं उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा.

"काल रात्री किती झोपली" असं विचारायचं कारण असं, की "घरात किती जण?" विचारलं की लोक रेशन कार्डावरचे सांगतात. आधार, रेशन कार्ड काहीही मागू नका. यादी मदतीची आहे असं वाटलं की आकडे फुगतात आणि ज्यांच्याकडे कागद नाही ते दारच उघडत नाहीत.

गोळ्यांबद्दल विचारताना "आहेत का?" असं विचारू नका, "दाखवता का?" म्हणा. एका मावशींनी "आहेत की" म्हणून श्रीखंडाचा डबा आणून समोर ठेवला. आत तीन स्ट्रिपा, मागचा फॉइल काळा पडलेला, एका कप्प्यात गोळीच्या जागी पांढरी पेस्ट झालेली, आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातात घेतली तर लगदा. फॉर्मवर "औषध आहे" असं गेलं असतं.

६. आकडे हातात आले, आता काय? उदाहरण देऊन सांगा.

समजा प्रश्न ४ मधली ६०० घरांची वस्ती, ४० घरं झाली (आकडे समजण्यापुरते घेतलेत). ४० घरांत १७२ माणसं, म्हणजे घरटी ४.३, म्हणजे वस्ती साधारण २,५८० ची. २६ घरं बोअरचं किंवा टाकीचं पाणी काही न करता पितायत. १८ घरांना घरात संडास नाही. ९ घरांत कोणाची तरी रोजची औषधं तीन दिवसांत संपणार. गेल्या तीन दिवसांत ७ जणांना जुलाब.

आता एकेक घ्या. पाणी: जगभर मदतकार्यात स्फिअरची मापं वापरतात, त्यात माणशी रोज १५ लिटर आहे, सगळं धरून. २,५८० गुणिले १५ म्हणजे ३८,७०० लिटर, म्हणजे १०,००० लिटरचे चार टँकर रोज. महापालिकेकडे जाऊन "पाण्याची फार बोंब आहे" म्हटलं तर एक टँकर येतो, "२,६०० माणसं, रोज चार टँकर, आज एकच येतोय" असं कागदावर दिलं की वॉर्ड ऑफिसरला पुढे बोलायला काहीतरी मिळतं.

संडास: ४० पैकी १८ म्हणजे ६०० पैकी २७० घरं, साधारण १,१६० माणसं. सार्वजनिक संडासाच्या दहा सीटपैकी चारच चालू असतील तर एका सीटवर २९० लोक. सुरुवातीच्या दिवसांतही ५० च्या वर जाऊ नये आणि नंतर २० वर यावं असं माप आहे. नवीन संडास उद्या उभे राहणार नाहीत, पण बंद पडलेल्या सहा सीट बहुतेक वेळा टाकी भरल्याने बंद असतात, म्हणून पहिली मागणी सक्शन गाडीची. बायकांना विचारा रात्री काय करता, उत्तर ऐकून दिव्याची मागणीही त्याच अर्जात जाईल.

औषधं: ४० पैकी ९, ६०० ला साधारण १३५ घरं. त्याचं काय करायचं ते प्रश्न १४ मध्ये.

जुलाब: १७२ मधले ७, तेवढ्यावरून साथ आहे असं म्हणता येत नाही, पण ती सातही माणसं एकाच बोअरवरची आहेत का हे लगेच बघा. असतील तर बाकी सगळं सोडून तो बोअर.

७. नुसत्या ४० घरांवरून १३५ चा आकडा खरा कसा धरायचा?

अगदी १३५ धरायचाच नाही. ४० मध्ये ९ आले तर खरा आकडा ६० घरांपासून २१० पर्यंत कुठेही असू शकतो, इतका ढिला आहे तो. पण निर्णय बघा: ६० घरं असली तरी औषधाचं टेबल लावायचंच आहे आणि २१० असली तरी लावायचंच आहे. फक्त पहिल्या दिवशी किती आणायचं तेवढं बदलतं, आणि ते टेबल लागल्यावर आपोआप कळतं. जिथे निर्णय आकड्यावर लटकलाय तिथे मात्र जास्त घरं करा. आणि क्वचित असणाऱ्या गोष्टी, म्हणजे डायलिसिसचा पेशंट, नववा महिना, ऑक्सिजनवरचा माणूस, या ४० घरांत सापडतीलच असं नाही. त्यांच्यासाठी नमुना नाही, आशाताई आणि नाव-पत्त्याची यादी.

८. टँकरच्या पाण्यात टीसीएल पावडर किती टाकायची?

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. ताजी, कोरडी, चांगली असेल तर तिच्यात ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं. पुरानंतरच्या पाण्याला लिटरला २ मिलिग्रॅम क्लोरीन धरलं तर १०,००० लिटरला २० ग्रॅम, म्हणजे पावडर ६० ग्रॅम. पण गोदामात उघडी पडलेली, दगड झालेली पावडर निम्मीही उरलेली नसते, म्हणून हिशोब हा फक्त सुरुवात आहे, खरं काय ते तपासणीत कळतं. पावडर सरळ टँकरमध्ये ओतू नका. प्लॅस्टिकच्या बादलीत पाण्यात कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं नितळ पाणी टँकरमध्ये, खालचा चुना बाहेर. टँकर भरायला लागतानाच ते ओतलं की नीट मिसळतं. मग अर्धा तास थांबायचं. हा अर्धा तास ड्रायव्हरला नको असतो, त्यामुळे भरतानाच टाकून वस्तीत पोचेपर्यंत वेळ होईल असं जमवा.

पाणी गढूळ असेल तर क्लोरीन त्या मातीतच खर्ची पडतं. आधी तुरटी फिरवून गाळ बसवा, कापडाने गाळा, मग औषध.

तपासणी ओटी टेस्टने. नळीत पाणी घ्यायचं, ओटीचे थेंब टाकायचे, आणि दहा सेकंदांच्या आत रंग बघायचा. उशिरा आलेला पिवळा रंग म्हणजे घाणीला चिकटलेलं, कमजोर क्लोरीन, ते मोजू नका. टँकरच्या नळाला ०.५ आणि घरातल्या हंड्यात ०.२ च्या खाली नाही, एवढं सांभाळा. नळीत रंगच नाही आला तर परत थोडं औषध, परत अर्धा तास.

९. टँकरला पिवळा रंग येतोय तरी लोकांना जुलाब होतायत, असं कसं?

कारण टेस्ट टँकरला केलीत, प्यायलं हंड्यातलं. टँकरपासून तोंडापर्यंत पाण्याला बराच प्रवास असतो: टँकरचा पाइप रस्त्यावरच्या चिखलात पडलेला, हंडा पुराच्या पाण्यात बुडालेला आणि नुसता विसळलेला, पिंपात बुडवलेला तांब्या, आणि तो बुडवणारा लहान पोराचा हात. म्हणून ओटी टेस्ट नेहमी शेवटच्या घरातल्या पिण्याच्या भांड्यात करा. आम्ही दर फेरीला दहा हंडे तपासतो. टँकर पिवळा आणि हंडे पांढरे, असं दिसलं की क्लोरीन वाढवायचं नाही, घराघरात क्लोरीनच्या गोळ्या किंवा मेडिक्लोर द्यायचं, झाकण आणि नळाची तोटी असलेलं भांडं द्यायचं. मेडिक्लोरच्या बाटलीवर किती लिटरला किती थेंब ते लिहिलेलं असतं, तेवढेच टाका आणि अर्धा तास झाकून ठेवा. लोक वासाला कंटाळून सोडतात. रात्री टाकून ठेवलं की सकाळपर्यंत वास बराच कमी होतो, एवढं सांगितलं तरी फरक पडतो.

१०. आमच्या सोसायटीच्या खालच्या टाकीत पुराचं पाणी शिरलं. औषध टाकून चालेल ना?

नाही. पाणी पूर्ण उपसा, गाळ काढा, भिंती घासा, मगच औषध. नंतर स्वच्छ पाणी भरून लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन, म्हणजे १०,००० लिटरच्या टाकीला दीड किलो चांगली टीसीएल. हे पाणी वरच्या टाकीत चढवा, प्रत्येक घरातला प्रत्येक नळ वास येईपर्यंत सोडा, बंद करा, रात्रभर ठेवा. सकाळी सगळं सोडून द्या आणि नवीन भरा. त्या रात्री ते पाणी कोणी पीत नाही हे प्रत्येक दारावर कागद लावून सांगा, व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं म्हणजे सांगितलं असं होत नाही, म्हातारे आजी-आजोबा ग्रुपवर नसतात.

आणि टाकीत एकट्याने उतरायचं नाही. पंपाचा स्विच बंद, झाकण बराच वेळ उघडं ठेवून, कमरेला दोर, वर दोन माणसं. आतला माणूस बेशुद्ध पडला तर मागोमाग उडी मारायची नाही. एकाच्या मागे दुसरा जातो ते असंच.

११. डॉक्सीच्या गोळ्या सगळ्यांना वाटू का?

पुराच्या पाण्यातून चाललेल्या मोठ्या माणसाला लेप्टोपासून बचाव म्हणून डॉक्सीसायक्लिन २०० मिलिग्रॅम एकदा, आणि शक्यतो पाण्यात गेल्यापासून ७२ तासांच्या आत, असं महापालिकांचे डॉक्टर देतात. जे सफाई कामगार किंवा स्वयंसेवक रोज पाण्यात उतरतात त्यांना किती आठवडे द्यायची ते डॉक्टर ठरवतात. पण मूठभर स्ट्रिपा घेऊन गल्लीत वाटणं हा प्रकार नको. गरोदर बायका आणि आठ वर्षांखालची मुलं यांना ही गोळी नाही, त्यांच्यासाठी डॉक्टर वेगळं औषध बघतात. उपाशी पोटी घेतली की उलटी होते आणि लोक म्हणतात औषध बाधलं. जेवून, ग्लासभर पाण्याबरोबर, आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जळजळ होते.

मोठा घोळ वेगळाच आहे. ज्याला आधीच ताप आलाय तो ती एक गोळी घेऊन घरी बसतो. ताप आलेल्याला बचावाची गोळी नाही, डॉक्टर. ताप, पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल, मग लघवी कमी, डोळे पिवळे किंवा धाप, अशा माणसाला त्याच दिवशी कळव्याच्या किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलला पाठवा. आणि तिसऱ्या दिवशी केलेली लेप्टोची रक्ततपासणी निगेटिव्ह आली म्हणून निश्चिंत होऊ नका, अँटीबॉडी दिसायला आठवडाभर लागू शकतो. डॉक्टर संशयावरूनच औषध सुरू करतात ते त्यासाठी.

१२. कुठला आजार कधी येतो? आम्ही किती दिवस थांबायचं?

पहिल्या आठवड्यात जखमा, शॉक, साप, पायाच्या चिखल्या आणि जुलाब. कॉलरा असेल तर काही तासांपासून पाच दिवसांत दिसतो. लेप्टो साधारण ५ ते १४ दिवसांनी, म्हणजे पाणी ओसरून सगळे घर धुऊन मोकळे झाले, मदतवाले घरी गेले, की मग. २००५ च्या २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि लेप्टोचे पेशंट वाढले ते ऑगस्टमध्ये. डेंग्यू दोन-तीन आठवड्यांनी डोकं वर काढतो, कारण पुराने आधीच्या अळ्या वाहून जातात आणि नंतर भांडी, टायर, ताडपत्रीच्या घड्यांत साचलेल्या स्वच्छ पाण्यात नव्या होतात, मलेरिया त्याच्याही नंतर. कावीळ सगळ्यात शेवटी, दोन ते सहा आठवड्यांनी किंवा आणखी उशिरा, आणि त्यातली ई प्रकारची कावीळ गरोदर बाईला जिवावर बेतू शकते. म्हणून प्रश्न ५ मधली गरोदर बायकांची यादी फेकू नका, सहाव्या आठवड्यातही लागते.

१३. आम्ही काम सुरू केल्यावर जुलाबाचे पेशंट दुप्पट झाले. साथ आली का?

कदाचित आली, कदाचित तुम्ही मोजायला लागलात म्हणून दिसले. काल कोणी लिहीतच नव्हतं. ओळखायचं असं: एकूण पेशंटही दुप्पट झालेत का? झाले असतील आणि जुलाबाचं प्रमाण तेवढंच असेल तर बहुतेक तुमच्या टेबलाची गर्दी आहे. एकूण तेवढेच आणि त्यातले जुलाबच वाढले, किंवा सगळे एका नळाचे, किंवा लहान मुलांबरोबर मोठी माणसंही यायला लागली, तर मामला खरा आहे. वस्तीचा हाताने काढलेला नकाशा भिंतीवर लावा आणि प्रत्येक पेशंटच्या घरावर टिकली लावा. साधी बाईची टिकली, चिकटते चांगली. दोन दिवसांत डोळ्यांना दिसतं.

एका गोष्टीला मात्र वाट बघायची नाही. मोठ्या माणसाला तांदळाच्या पेजेसारखे पाण्याचे जुलाब होऊन तो काही तासांत गळून गेला, तर एकच पेशंट पुरे, लगेच हेल्थ पोस्टला कळवा. शौचाचा नमुना अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी घ्यावा लागतो, पण त्यासाठी सलाइन किंवा ओआरएस थांबवायचं नाही. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच, ग्लासात अर्धं पाकीट असलं काही नाही. सहा महिन्यांवरच्या मुलाला जोडीला झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी १४ दिवस, जुलाब थांबले तरी.

१४. औषधं वाहून गेली, चिठ्ठीही नाही. अशांना काय द्यायचं?

हेच काम सगळ्यात दुर्लक्षित आहे. डॉक्टरांना टेबलावर बसवा, समोर नेहमीच्या औषधांच्या रिकाम्या स्ट्रिपा आणि खोकी मांडून ठेवा, लोक रंगावरून आणि आकारावरून ओळखतात. नेहमीच्या केमिस्टला फोन केला तर त्याच्याकडे जुनं बिल असतं. डॉक्टर बीपी, शुगर तपासून आठ-दहा दिवसांपुरती देतात, तेवढ्यात ओपीडी सुरू होते. फिटच्या गोळ्या आणि इन्सुलिन आधी, कारण ती अचानक तुटली तर दोन-तीन दिवसांत माणूस हॉस्पिटलमध्ये. टीबीच्या आणि एचआयव्हीच्या, म्हणजे एआरटीच्या, गोळ्या तुम्ही देऊ नका, सरकारी केंद्रात दुसऱ्या जागेचा पेशंट असला तरी सोय करतात, त्याला तिथे पोचवा. आणि हे चारचौघांत ओरडून विचारायचं नाही.

पुराचं पाणी लागलेली इन्सुलिनची बाटली फेका. नुसती लाइट गेली म्हणून फेकू नका. वापरात असलेली बाटली खोलीच्या तापमानाला साधारण चार आठवडे टिकते, पिशवीत बांधून ओल्या माठाशेजारी ठेवली तर उत्तम.

१५. मेलेली जनावरं, लसी, दूध पावडर, यावर एका वाक्यात?

एका वाक्यात नाही जमणार, पण थोडक्यात. मृतदेहांमुळे साथ पसरते हा गैरसमज आहे, साथ जिवंत माणसांच्या मैल्यातून पसरते. विहिरीत पडलेलं जनावर मात्र काढून विहिरीला औषध घालावं लागतं. लसीत शाळेतल्या कॅम्पमध्ये गर्दी असेल तर मुलांची गोवराची आधी बघतात, जखम झालेल्याला धनुर्वाताची, बाकी ठरवणं महापालिकेचं काम. दूध पावडरचे डबे सरसकट वाटू नका, अंगावर पाजणाऱ्या आया ते बघून बाटली धरतात आणि खराब पाण्यात कालवलेलं दूध बाळाच्या पोटात जातं. ज्या बाळाला आईचं दूध मिळूच शकत नाही त्याच्यापुरतं, आणि पाणी उकळायची सोय बघून.

१६. आमच्या टॉवरमध्ये घरात पाणी आलंच नाही. आमची पाहणी कशाला?

खालच्या पार्किंगमध्ये पाणी गेलं, पंप आणि मीटर रूम बंद, लिफ्ट बंद. नवव्या मजल्यावर ऑक्सिजन मशीनवरचे आजोबा आहेत आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणारे काका. पुराचं पाणी त्यांच्या दाराला लागलं नाही, तरी ते तुमच्या यादीत पहिले. वॉचमनकडे मजल्यांची यादी असते, एका संध्याकाळी फोनवर होतं. जनरेटर लावलात तर मोकळ्या हवेत, जिन्याखाली किंवा बंद पार्किंगमध्ये नाही, त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. टाकीचं प्रश्न १० मध्ये आहे.

१७. परत पाहणी करायची का, आणि हे सगळं द्यायचं कोणाला?

सात-आठ दिवसांनी परत, तेच अर्ध्या पानाचे प्रश्न, पण सुरुवातीचा नंबर नवीन नोटेवरून, म्हणजे बहुतेक वेळा तीच घरं येत नाहीत. हंड्यांची ओटी टेस्ट, औषध संपलेली घरं, चालू सीट, हे तीन आकडे पहिल्या वेळच्या शेजारी लिहा. पहिल्या फेरीचा कागद त्याच संध्याकाळी द्या, एक पान, हाताने लिहिलेलं चालतं: किती घरं, किती माणसं, काय सापडलं, काय पाहिजे आणि कधीपर्यंत. एक प्रत हेल्थ पोस्टच्या डॉक्टरांना, एक वॉर्ड ऑफिसला, आणि पोच घ्या. ताप-जुलाबाचे रोजचे आकडे सरकारी साथरोग यंत्रणेत सिस्टर आणि आशाताई भरतच असतात, तुमचे आकडे वेगळ्या ग्रुपवर फिरवू नका, त्यांना द्या, नाहीतर एकच पेशंट दोनदा मोजला जातो. नावं असलेली यादी फक्त डॉक्टरांकडे, तिचा फोटो काढून कुठेही टाकायचा नाही. एका ग्रुपवर कुणीतरी टीबीच्या पेशंटची यादी टाकली होती आणि दुसऱ्या दिवशी घरमालकाने एका भाडेकरूला खोली खाली करायला सांगितली.